मंगळवेढ्याचा २ मेगावॅटचा सौर प्रकल्प: रोजचे युनिट आणि अपेक्षित युनिट यांच्या नोंदी

६ जानेवारी

साइटची रोजची वही आजपासून माझ्याकडे आली. तारीख, मीटरचं रीडिंग, दिवसाचे युनिट आणि शेरा, एवढे चारच रकाने. एक्सेलमध्ये त्याच्या शेजारी महिन्याचा अपेक्षित आकडा लिहिलाय, जानेवारीसाठी दिवसाला १३,२०० युनिट. प्रकल्प उभा राहायच्या आधी जो अहवाल केला होता, त्यातून तो घेतलेला आहे. दिवसाचे युनिट या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेले की रकाना लाल होतो, नाहीतर हिरवा राहतो.

प्रकल्पाची माहिती एकदा इथे लिहून ठेवते, पुढे सारखी लागणार आहे. काळ्या रानात, चारी बाजूंनी मालदांडी ज्वारी. ५४० वॅटची ४,८१६ पॅनेल. २८ पॅनेलची एक स्ट्रिंग, अशा १७२ स्ट्रिंग आठ इन्व्हर्टरमध्ये वाटलेल्या, काहींना २१ तर काहींना २२. पॅनेलची बेरीज २,६०० किलोवॅट आणि इन्व्हर्टरची २,०००. तिथून ११ केव्हीच्या लाइनने, म्हणजे फीडरने, वीज उपकेंद्रात जाते. पॅनेलच्या उतारातच बसवलेला एक पायरॅनोमीटर आहे, म्हणजे पॅनेलला जेवढं ऊन मिळतं तेवढंच तो मोजतो. दोन पॅनेलच्या पाठीला तापमानाचे सेन्सर चिकटवलेले आहेत. हे सगळं दर १५ मिनिटांनी साठतं, पण वहीत त्यातलं काहीच येत नाही.

गेल्या आठवड्यातले दोन दिवस समोर घेतले. २ जानेवारीला ७,८८० युनिट, रकाना लाल, शेरा ‘कमी निर्मिती’. ४ जानेवारीला १३,२३० युनिट, रकाना हिरवा, शेरा कोरा. मला मात्र ४ तारखेचीच शंका आहे. त्या दिवशी आभाळ सकाळपासून स्वच्छ होतं.

९ जानेवारी

अपेक्षित आकडा कॅलेंडरवरून काढायचा नाही, त्या दिवशी पडलेल्या उन्हावरून काढायचा, हे ठरवलं. त्याला चार गोष्टी लागतात: पॅनेलची क्षमता, उतारावर पडलेलं ऊन, पॅनेलचं तापमान आणि बाकी सगळ्या नुकसानीचा एक गुणांक.

पॅनेलवर जो ५४० वॅटचा शिक्का असतो तो दर चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश या परिस्थितीतला असतो. आपल्याकडे थंडीच्या दुपारीसुद्धा पॅनेल ५० अंशांच्या पुढे जातं. आमच्या पॅनेलच्या माहितीपत्रकात दर अंशाला ०.३५ टक्के घट दिली आहे. म्हणजे २५ अंश चढले की पावणेनऊ टक्के गेलेच, त्यात कुणाची चूक नाही. केबल, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, पॅनेलमधला आपसातला थोडाफार फरक, जुनं होत जाणं, हे सगळं मिळून जो गुणांक उरतो त्याला मी K म्हणते. सध्या तो ०.८९ धरलाय. कुठून आला ते पुढे लिहीन.

हिशेब दर १५ मिनिटांचा करायचा, पण समजायला सोपं जावं म्हणून दिवसाच्या सरासरीने दोन्ही दिवस मांडते.

२ जानेवारी: उतारावर दिवसभरात ३.६ युनिट प्रति चौरस मीटर ऊन पडलं, पॅनेल सरासरी ३८ अंश. २,६०० गुणिले ३.६ म्हणजे ९,३६०. तापमानाचा गुणांक ०.९५४५, मग ०.८९. अपेक्षित ७,९५० युनिट, प्रत्यक्ष ७,८८०. गुणोत्तर ०.९९. ढगाळ दिवस होता, प्रकल्पाने काम चोख केलं.

४ जानेवारी: ऊन ६.५, तापमान ४७ अंश. १६,९०० गुणिले ०.९२३ गुणिले ०.८९ म्हणजे १३,८८३ अपेक्षित. प्रत्यक्ष १३,२३०. गुणोत्तर ०.९५३. ६५३ युनिट गेले, आणि वहीत तो दिवस हिरवा आहे.

ऑपरेटर आण्णांना फोन लावला. त्यांना लगेच आठवलं. “ताई, त्या दिवशी सात नंबरचा ब्रेकर पडला होता बघा. जेवायच्या आधी दिसलाच नाही. दोनला वर केला.” इन्व्हर्टरच्या नोंदी काढल्या तर ११:१० ते १४:०० शून्य. सात नंबरला २१ स्ट्रिंग, दिवसाचा वाटा साधारण १,६९५ युनिट. भर दुपारचे दोन तास पन्नास मिनिटं म्हणजे थंडीच्या दिवसातल्या निर्मितीचे जवळजवळ ३८-३९ टक्के. आकडा बरोबर जुळतो.

तर जुन्या वहीने चांगल्या दिवसाला लाल केलं आणि वाईट दिवसाला हिरवं. आण्णांनी ब्रेकर पडल्याचं कुठे लिहिलं नव्हतं, कारण रकाना हिरवा असेल तर कुणी विचारत नाही.

१३ जानेवारी

K आणि मर्यादा, दोन्ही आज पक्क्या केल्या.

K काढायला चांगले दिवस निवडावे लागतात. पॅनेल २३ डिसेंबरला धुतली होती. त्यानंतरच्या नऊ दिवसांत ज्या दिवशी एकही इन्व्हर्टर बंद नव्हता आणि फीडर गेला नव्हता, तेवढेच घेतले. प्रत्येक दिवसाचा K वेगळा काढला. सगळे ०.८८ ते ०.९० मध्ये आले, सरासरी ०.८९. इथे फसायला एक जागा आहे. धूळ बसलेल्या दिवसांवरून K काढला तर ती धूळ कायमची ‘अपेक्षित’ होऊन बसते आणि पुढे कधीच दिसत नाही. म्हणून वरची तारीख लिहून ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा धुतल्यावरच्याच दिवसांवरून काढायचा. पॅनेल जुनी होतात तसा तो थोडा उतरेल, ते रास्तच आहे.

निर्दोष दिवसांचं गुणोत्तरही १ च्या आसपास सव्वा टक्का खालीवर हलतं. म्हणून ३ टक्क्यांहून जास्त घट झाली तरच लाल खूण करायची. एका टक्क्यावर खूण ठेवली तर आण्णा रोज विनाकारण आठही इन्व्हर्टर पालथे घालतील, आणि महिन्याभरात खुणेकडे बघणंच सोडून देतील. दिवसभराचं ऊन अडीचपेक्षा कमी असेल त्या दिवशी खूण करायचीच नाही. इतक्या कमी उन्हात सेन्सरची बारीक चूकसुद्धा मोठी दिसते.

कोड एवढाच. त्यात `poa` म्हणजे उतारावरचं ऊन, `tmod` म्हणजे पॅनेलचं तापमान आणि `grid_min` म्हणजे त्या पंधरा मिनिटांत फीडर किती मिनिटं होता:

```python
K, G = 0.89, -0.0035
p = 2600 * df.poa/1000 * (1 + G*(df.tmod - 25)) * K
df["due"] = p.clip(upper=1975) * 0.25
ok = df.grid_min.rolling(2, min_periods=1).min() == 15
ratio = df.kwh[ok].sum() / df.due[ok].sum()
```

`clip` ची ओळ महत्त्वाची. पॅनेल २,६०० ची आणि इन्व्हर्टर २,००० चे. थंड, लख्ख दुपारी पॅनेल देऊ शकतात त्यापेक्षा इन्व्हर्टर कमी घेतात, आणि ट्रान्सफॉर्मरनंतर मीटरवर १,९७५ किलोवॅटच्या वर काटा जात नाही. आलेखाचं डोकं सपाट दिसतं. प्रकल्प तसाच बांधलाय, तो दोष नव्हे. ही ओळ नसती तर सगळ्यात चांगल्या उन्हाच्या दिवशीच लाल खुणा पडल्या असत्या. दिवसाच्या बेरजेवर हिशेब न करता १५ मिनिटांवर करायचा तो यासाठीच.

आज भोगी. आण्णांच्या घरून बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आली होती, कंट्रोल रूममध्ये बसून जेवलो.

१७ जानेवारी

दिवसाचं गुणोत्तर १.००, पण तासातासाचा आलेख बघितला तर सकाळी सगळी गुणोत्तरं एका बाजूला झुकलेली आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला. प्रकल्प सकाळी कमी देतो आणि संध्याकाळी जास्त, असं रोज घडत नाही. घड्याळ चुकलेलं असणार. मंगळवेढ्यात सध्या सूर्य माथ्यावर येतो तो १२:३७ च्या सुमारास, पायरॅनोमीटरच्या नोंदीत निरभ्र दिवसाचा कळस १२:२५ ला दिसत होता. डेटा लॉगरचं घड्याळ बारा मिनिटं मागे पडलेलं. मीटरच्या वेळेशी जुळवून घेतलं, आलेख सरळ झाला.

२२ जानेवारी

पूर्ण प्रकल्पाचं गुणोत्तर ०.९८६. खूण नाही. पण कालपासून मी प्रत्येक इन्व्हर्टरचे युनिट त्याच्या स्ट्रिंगच्या संख्येने भागून आठ जणांची एकमेकांशी तुलना लावली आहे, आणि त्यात पाच नंबर बाकीच्यांपेक्षा १० टक्के खाली दिसतो.

हा मुद्दा मला आधी नीट लक्षात आला नव्हता. एक स्ट्रिंग बंद पडली तर प्रकल्पाचा १७२ वा भाग जातो, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. ३ टक्क्यांची खूण पडायला पाच-सहा स्ट्रिंग मराव्या लागतील. तीच एक स्ट्रिंग तिच्या इन्व्हर्टरच्या हिशेबात साडेचार टक्के असते, तिथे लगेच दिसते. शिवाय शेजाऱ्यांशी तुलना करताना पायरॅनोमीटर लागतच नाही. आठांवर ऊन एकच पडतं.

पाच नंबरचा दिवसभराचा आलेख उघडला. नऊ वाजून चाळीस मिनिटांपर्यंत शून्य, नंतर बाकीच्यांच्या बरोबरीने. बाकीचे सातजण सव्वासात-साडेसातला सुरू झालेले. १८० च्या आसपास युनिट त्यात गेले. काल आणि परवाही तसंच, फक्त सुरू व्हायची वेळ ९:१५ आणि ९:०५. आलेखाच्या आकारावरून निम्मं निदान होतं. दिवसभर सारख्या प्रमाणात घट असेल तर धूळ किंवा मेलेली स्ट्रिंग, मध्येच शून्य असेल तर ट्रिप, आणि फक्त सकाळी असेल तर सावली नाहीतर ओल.

इन्व्हर्टरच्या पडद्यावर जुना अलार्म होता: `Low insulation resistance`. रोज सकाळी जोडणी करण्याआधी इन्व्हर्टर डीसी केबल आणि जमीन यांच्यातला रोध तपासतो. तो ठरवलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर सुरूच होत नाही, थोड्या वेळाने पुन्हा तपासतो. मर्यादा ५० किलोओहम लावलेली आहे.

दुपारी एकला आण्णांनी आणि मी पाच नंबरच्या बावीसही स्ट्रिंग मेगरने, म्हणजे हा रोध मोजायच्या यंत्राने, तपासल्या. सगळ्या उत्तम. हात हलवत परत आलो.

२३ जानेवारी

काल चुकलं ते हेच, की आम्ही दुपारी तपासलं. दोष ओलीत आहे आणि आम्ही तो वाळल्यावर शोधत होतो.

आज सव्वासहाला साइटवर. दव इतकं, की पॅनेलच्या खालच्या कडेवरून थेंब ठिबकत होते आणि बूट चिखलाने जड झाले. पाऊस नसतानाही इथली ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि या दवावर पोसते. इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद केला, स्ट्रिंगमधून करंट वाहत नाही याची क्लॅम्प मीटरने खात्री केली आणि मगच कनेक्टर सोडवले. करंट वाहत असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी ओढली जाते आणि ती विझत नाही, त्यामुळे इथे घाई चालत नाही. मग एकेक स्ट्रिंग मेगरला लावली. तेरापर्यंत सगळ्या मेगाओहममध्ये. चौदावीला काटा खाली आपटला, ३१ किलोओहम.

केबलचा माग काढला. पॅनेलखालून उतरून ती जिथे जमिनीतल्या पाइपमध्ये शिरते, तिथे पाइपचं तोंड उघडं होतं आणि केबलचं वरचं आवरण दोन बोटं लांबीत कुरतडलेलं, तांबं मातीला टेकलेलं. उंदीर. भरल्या कणसांचं रान शेजारी असल्यावर ते येणारच. माती कोरडी असते तेव्हा रोध पुरेसा राहतो, दवाने भिजली की गळती सुरू.

चौदावी स्ट्रिंग वेगळी ठेवून बाकी एकवीस जोडल्या. पाच नंबर ७:५० ला सुरू झाला.

२४ जानेवारी

तेवढा केबलचा तुकडा बदलला. सगळ्या पाइपांची तोंडं फोम आणि तारेच्या जाळीने बंद करायला घेतली, एकूण ९६ तोंडं आहेत, दोन दिवस लागतील. पाच नंबर आज ७:२२ ला सुरू, शेजाऱ्यांच्या बरोबरीने.

वहीत नवा रकाना: प्रत्येक इन्व्हर्टरची सुरू व्हायची वेळ. युनिट मोजण्याच्या आधी हाच आकडा सांगतो.

३ फेब्रुवारी

फीडर १०:४२ ला गेला, १२:२५ ला आला. दिवसाचे युनिट १०,७००. जुन्या वहीत हा भडक लाल दिवस झाला असता.

ग्रिड गेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतात, थांबायलाच हवं. नाहीतर लाइनवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या हातात आमची वीज जाईल. ग्रिड परत आल्यावरही ते काही मिनिटं व्होल्टेज स्थिर आहे का ते बघतात. त्यामुळे ज्या पंधरा मिनिटांत फीडर एक मिनिट जरी नव्हता, ती सगळी पंधरा मिनिटं आणि लगेच पुढची पंधरा मिनिटं मी गुणोत्तरातून वगळते. उरलेल्या वेळाचं गुणोत्तर ०.९९६. प्रकल्प ठीक.

पण वगळलेलं विसरायचं नाही. फीडर नव्हता तेवढ्या वेळात उन्हाप्रमाणे ३,१०० युनिट व्हायला हवे होते, ते ‘फीडर’ या वेगळ्या रकान्यात गेले. महिनाअखेरीला उपकेंद्रात दोन्ही बाजूंच्या समक्ष मीटर वाचतात, तेव्हा मिनिटांसकट हा कागद सोबत असावा.

१५ फेब्रुवारी

पायरॅनोमीटरची काच पुसली. गुणोत्तर १.००. डाव्या बाजूच्या रानात ज्वारी काढायला आली आहे.

२७ फेब्रुवारी

गुणोत्तर ०.९९. आठवडाभर ०.९९ आणि ०.९९५ च्या मध्ये. आठही इन्व्हर्टर एकमेकांच्या बरोबरीने. नोंदवण्यासारखं काही नाही. शेजारच्या काकांची मळणी सुरू आहे, दोन दिवस मशीन चालू होतं.

६ मार्च

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण गेले दहा दिवस माझ्या तक्त्याने मला चुकीचं सांगितलं.

सकाळी आलेले आकडे: गुणोत्तर ०.९८५. मर्यादेच्या आत. पण मीटरचे युनिट फेब्रुवारीच्या मध्यापेक्षा कमी वाटत होते, आणि ऊन तर वाढायचे दिवस आहेत. म्हणून पायरॅनोमीटरचा माध्यान्हीचा आकडा निरभ्र दिवसांचा एकाखाली एक लिहून काढला. या मोसमात तो दिवसागणिक हळूहळू चढायला हवा. तो उतरत होता. २४ फेब्रुवारीपर्यंत किंचित, त्यानंतर भराभर.

साइटवर पोचले तेव्हा साडेबारा होत आले होते. पॅनेलवरून बोट फिरवलं तर पिवळट भुशाचा थर बोटाला आला. मातीची धूळ वेगळी असते, हा मळणीचा बारीक कोंडा, चिकट आणि हलका. पायरॅनोमीटर त्याच रांगेच्या टोकाला आहे, त्याच्या घुमटावरही तोच थर. दर आठवड्याला पुसायचं ठरलं होतं, पण शिडी दुसऱ्या कामाला गेली आणि १५ तारखेनंतर कुणी चढलं नाही. हे मी वहीत बघायला हवं होतं. पुसल्याची नोंद नाही म्हणजे पुसलेलं नाही.

१२:३८ ला आकडा ९०५. आण्णांनी आधी मऊ ब्रशने कोंडा झटकला, मग ओल्या सुती फडक्याने आणि नंतर कोरड्याने काच पुसली. १२:४१ ला आकडा ९४८. आभाळात ढगाचा ठिपका नाही. आण्णा शिडीवरूनच म्हणाले, “ताई, ऊन वाढलं काय?” ऊन तेवढंच होतं, आम्ही साडेचार टक्के कमी मोजत होतो.

आता हिशेब असा. गुणोत्तर म्हणजे प्रत्यक्ष भागिले अपेक्षित, आणि अपेक्षित आकडा पायरॅनोमीटरवरून येतो. पॅनेल धुळीने मळली की वरचा आकडा उतरतो. पायरॅनोमीटर त्याच धुळीने मळला की खालचाही उतरतो. दोन्ही सारखेच मळले तर गुणोत्तर जागचं हलत नाही, प्रकल्प कितीही घाण झाला तरी. आमच्याकडे घुमटाच्या गोल काचेवर थर थोडा कमी टिकला, म्हणून दीड टक्क्याची घट तरी दिसली. खरं गुणोत्तर ०.९८५ गुणिले ९०५ भागिले ९४८, म्हणजे ०.९४. सहा टक्के.

इन्व्हर्टरची आपसातली तुलनाही इथे उपयोगाची नव्हती, कारण आठही सारखेच मळलेले. उंदराने कुरतडलेली केबल ज्या तुलनेने पकडली, ती सगळीकडे पसरलेल्या धुळीला आंधळी आहे. आणि उन्हाशी केलेली तुलना सेन्सर मळला की आंधळी. दोन्ही एकाच वेळी निकामी ठरल्या.

सहा टक्के खरंच पॅनेलवरच्या कोंड्यामुळे आहेत का, हे उन्हाच्या आकड्याशिवाय तपासायचं होतं. तीन नंबरच्या दोन शेजारशेजारच्या स्ट्रिंग घेतल्या. एकीची २८ पॅनेल कोरड्या ब्रशने झाडून पुसून घेतली, दुसरी तशीच ठेवली. क्लॅम्प मीटरवर पुसलेलीचा करंट १२.३ अँपिअर, न पुसलेलीचा ११.६. फरक पावणेसहा टक्के. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, आता शंका नाही.

८ मार्च

१५ फेब्रुवारी ते ६ मार्च या दिवसांचं ऊन दुरुस्त केलं. सरळ रेषेत वाटून टाकता आलं असतं, पण घट सरळ रेषेत झालेली नाही. निरभ्र दिवसांच्या माध्यान्हीच्या आकड्यांवरून पहिल्या दहा दिवसांत १ टक्का आणि मळणी सुरू झाल्यावरच्या दहा दिवसांत उरलेले साडेतीन, असं धरलं. जुने आकडे पुसले नाहीत, शेजारी ‘दुरुस्त’ असा रकाना केला, वर कारण आणि तारीख लिहिली.

दुरुस्त रकान्यात २८ फेब्रुवारीपासून रोज लाल खूण आहे. मळणीच्या त्या दहा दिवसांत सरासरी ४ टक्के धरले तर साडेपाच हजार युनिट गेले. दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, म्हणजे सोळा-साडेसोळा हजार रुपये. आज ती घट दिवसाला ८३० युनिटवर पोचली आहे, अडीच हजार रुपये रोज.

धुवायचं कधी, हा प्रश्न उरतो. काकांना विचारायला गेले. खळ्यावर अजून बुचाडं दिसत होती. म्हणाले, “उद्याच्याला संपतंय बघा पोरी. नंतर कडबा रचायचा, त्येची काय धूळ न्हाई.” मग दोन दिवस थांबणंच शहाणपणाचं. आज धुतलं असतं तर उद्या पुन्हा कोंडा ओल्या काचेवर बसला असता, आणि तो वाळला की झाडूने निघत नाही.

११ मार्च

काल आणि आज पहाटे साडेपाच ते साडेआठ असं धुणं झालं. पॅनेलमागे दोन लिटर पाणी धरून एक मोठा टँकर पुरला. बोअरचं पाणी वापरलं नाही. ते इतकं जड आहे, की वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. पहाटेच धुवायचं, कारण दुपारी काच तापलेली असते, थंड पाण्याने तडकू शकते, आणि पाण्याचा थेंब थेंब वाळून डाग पडतो तो वेगळाच. पायरॅनोमीटर धुण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा पुसला.

उतारावर ऊन ६.७, पॅनेल सरासरी ५६ अंश. अपेक्षित १३,८२०. आज सकाळचा थोडा वेळ शेवटच्या रांगा ओल्या होत्या, तरी १३,६९० आले. ०.९९.

१३ मार्च

गुणोत्तर ०.९९७, पायरॅनोमीटर आज सकाळी पुसलेला.

तक्त्यात दोन बदल. एक, ‘काच पुसली’ असा तारखेचा रकाना, आणि आठ दिवस उलटले की गुणोत्तर कितीही चांगलं असलं तरी त्या दिवशी लाल किंवा हिरवं काहीच दाखवायचं नाही, रकाना राखाडी ठेवायचा. दोन, प्रत्येक निरभ्र दिवसाचा माध्यान्हीचा आकडा आधीच्या निरभ्र दिवसाशी ताडून बघायचा. दोन टक्क्यांहून जास्त उतरला तर प्रकल्पाकडे न बघता आधी सेन्सरकडे जायचं. शिडी आता कंट्रोल रूमच्या मागे साखळीने बांधलेली आहे, किल्ली आण्णांकडे.

तीन नंबर संध्याकाळी पाचनंतर शेजाऱ्यांपेक्षा दोन टक्के खाली दिसतोय, सलग तीन दिवस, रोज त्याच वेळी. दव नाही, धूळ नाही. पश्चिमेच्या कुंपणाबाहेर मळणी संपल्यावर काकांनी कडब्याची गंज रचली आहे. उद्या पाच वाजता तिथे उभं राहून सावली कुठवर येते ते बघायचं.